मोजपट्टी नसलेला निबंध

‘हा निबंध जरा वाचून सांगाल का, कसा झालाय?’ ही विनंती शिक्षकांना, लेखकांना, संपादकांना आणि आमच्यासारख्या धर्मगुरूंनाही वरचेवर ऐकावी लागते. हाती दोन-तीन पाने येतात. निबंध कोणत्या इयत्तेसाठी आहे, किती शब्दांत अपेक्षित होता, तो शाळेत द्यायचा आहे की स्पर्धेला पाठवायचा आहे, गुण कोणत्या गोष्टींना मिळणार आहेत, यांपैकी काहीही त्या पानांवर नसते. विचारणाऱ्याला पुष्कळदा ते ठाऊकही नसते. त्याने लिहिले आहे आणि त्याला ते कोणी वाचायला हवे आहे, एवढेच.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचे काम या मानाने सोपे असते. आशयाला इतके, मांडणीला इतके, भाषेला इतके, शुद्धलेखनाला इतके अशी वाटणी त्याला आधीच दिलेली असते. ती योग्य असो वा अयोग्य, सर्वांना एकच असते. ती नसेल तर आपण काय करतो? आपल्याजवळ मोजपट्टी नाही असे आपल्याला वाटते, परंतु तो भ्रम असतो. प्रत्येक वाचकाच्या खिशात स्वतःची एक मोजपट्टी असतेच. ती तो न सांगता बाहेर काढतो आणि निबंधाला लावतो. ज्याचा निबंध असतो त्याला निकाल तेवढा कळतो, पट्टी मात्र दिसत नाही.

हे नुसते अनुमान नव्हे. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना वाचायला दिले. वाचकांत इंग्रजीचे अध्यापक होते, इतर विषयांचे अध्यापक होते, तसेच लेखक, संपादक, वकील आणि व्यवसायात वरच्या जागी असलेली माणसेही होती. निबंध गुणवत्तेप्रमाणे नऊ गठ्ठ्यांत लावा, एवढीच सूचना त्यांना होती. गुणवत्ता कशाला म्हणावे, हे मुद्दाम सांगितलेले नव्हते. परिणाम असा झाला की ३०० पैकी ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. १०१ निबंध तर असे निघाले, की पहिल्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक गठ्ठ्यात ते कोणी ना कोणी टाकलेले होते. एकाला जो निबंध सर्वांत उत्तम वाटला, तोच दुसऱ्याला सर्वांत टाकाऊ वाटला.

डीडरिक यांचे खरे श्रेय यापुढचे आहे. वाचकांचे मतभेद अंदाधुंद आहेत, असे म्हणून ते थांबले नाहीत. कोणाची मते कोणाशी जुळतात हे त्यांनी पाहिले, तेव्हा वाचकांचे पाच गट पडले. एक गट विचारांकडे पाहणारा होता, दुसरा चुकांकडे, तिसरा रचनेकडे, चौथा शब्दयोजनेकडे आणि पाचवा लेखनात जाणवणाऱ्या व्यक्तिमत्त्वाकडे. सर्वांत मोठा गट विचारांना महत्त्व देणाऱ्यांचा होता आणि त्याच्या खालोखाल चुका मोजणाऱ्यांचा. वाचक बेजबाबदार होते असे यातून दिसत नाही. प्रत्येक जण प्रामाणिकपणे वाचत होता, फक्त प्रत्येकाच्या हातातली पट्टी निराळी होती आणि ती कोणीच उघड केलेली नव्हती.

मग उपाय काय? बाहेरून पट्टी मिळत नसेल तर ती निबंधातच शोधली पाहिजे. प्रत्येक लेखन वाचकाला काही वचन देते, कधी शीर्षकातून, कधी पहिल्या परिच्छेदातून, कधी मधल्याच एखाद्या वाक्यातून. ते वचन कोणते, ते पाळले गेले का आणि कोठे मोडले, हे पाहणे कोणत्याही इयत्तेच्या निबंधाबाबत शक्य असते. त्यासाठी शब्दमर्यादा ठाऊक असण्याची गरज नसते.

मराठीत तर ही गोष्ट अधिकच ध्यानात घ्यावी लागते, कारण ‘निबंध’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या वस्तू ठेवतो. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध म्हणजे एखादे मत पुराव्यानिशी आणि प्रतिपक्षाचा समाचार घेऊन सिद्ध करणे, असा अर्थ रूढ झाला. पुढे ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध लोकप्रिय केला. तेथे सिद्ध काहीच करायचे नसते. एखादा अनुभव मित्राशी बोलावे तसा सांगायचा असतो. शाळेतला निबंध यांपैकी कोणता, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. पहिल्या प्रकारात जो दोष ठरेल तो दुसऱ्या प्रकारात गुण ठरू शकतो. म्हणून परीक्षकाने आपण कोणता प्रकार गृहीत धरला ते आधी सांगावे आणि मग बोलावे.

आता हे सारे एका प्रत्यक्ष निबंधावर करून पाहू. एका मुलीने मला वाचायला दिलेला हा निबंध आहे. तिचे नाव, गाव आणि इयत्ता येथे देत नाही. इयत्ता तर त्या कागदावरही नव्हती. शीर्षक आहे ‘आमचे बावखल’. वसईकर वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की बावखल म्हणजे वाडीत खणलेले मातीचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पोचते. केळी, पानवेली आणि फुलांची लागवड पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर होत आली. पुढे घरांसाठी आणि रस्त्यांसाठी पुष्कळ बावखले बुजवली गेली.

निबंध चाळीस ओळींचा आहे. परिच्छेद सहा. मी तो प्रथम पेन हातात न घेता वाचला. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण त्याला कारण आहे. पेन हातात असले की डोळा पहिल्या चुकीपाशी थांबतो आणि मग माणूस निबंध वाचत नाही, नुसता तपासतो. दुसऱ्या वाचनात पेन घेतले, परंतु निबंधावर खूण न करता वेगळ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदासाठी एकेक ओळ लिहिली. परिच्छेद काय सांगतो, एवढेच त्या ओळीत यावे. परिच्छेद चांगला की वाईट, हे अजून लिहायचे नाही.

ती यादी अशी झाली. पहिला परिच्छेद सहा ओळींचा: पाणी म्हणजे जीवन. दुसरा आठ ओळींचा: वाडीच्या खालच्या अंगाला बावखल होते, त्याचे वर्णन. तिसरा सात ओळींचा: आजीला बावखलावरून विहिरीची स्थिती कळत असे. चौथा चार ओळींचा: काकांनी बावखल बुजवले आणि विहिरीचे पाणी खारट झाले. पाचवा दहा ओळींचा: प्लास्टिक, कारखाने आणि जागतिक तापमानवाढ. सहावा पाच ओळींचा: सर्वांनी पाणी वाचवले पाहिजे, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’.

एवढी यादी समोर ठेवली की निबंधाचे दुखणे कोणालाही दिसू लागते. येथे एक निबंध नाही, दोन आहेत. दुसरा, तिसरा आणि चौथा परिच्छेद ‘आमचे बावखल’ या शीर्षकाचे आहेत. पहिला, पाचवा आणि सहावा ‘पाणी वाचवा’ या दुसऱ्याच शीर्षकाचे आहेत. हे आपल्या आवडीनिवडीवरून ठरवू नये. त्यासाठी दोन साध्या कसोट्या आहेत. पहिली अशी: एखादा परिच्छेद झाकून पुढचे वाचावे. कोठे अडखळले नाही, तर त्या परिच्छेदावर पुढचे काही उभे नव्हते. पाचवा परिच्छेद झाकून पाहिला, तर चौथ्यावरून सहाव्यावर जाताना काहीही हरवत नाही. तिसरा झाकला, तर मात्र चौथ्यातली विहीर एकाएकी कोठून आली ते कळत नाही. दुसरी कसोटी अशी: हा परिच्छेद दुसऱ्या कोणाच्या निबंधात जसाच्या तसा घालता येईल का? पहिला आणि पाचवा परिच्छेद नाशिकच्या किंवा सांगलीच्या कोणत्याही मुलाच्या निबंधात खपून जातील. तिसरा परिच्छेद या घराबाहेर कोणालाच लिहिता आला नसता.

त्या तिसऱ्या परिच्छेदातले एक वाक्य येथे देतो: ‘आजी म्हणायची, बावखल बघितले की विहीर बघायला जावे लागत नाही. बावखलातला धुण्याचा दगड उघडा पडला की आमच्या विहीरीच्या बांधकामाचा तिसरा थर दिसायचा.’ हे वाचून मी थांबलो. धुण्याचा दगड आणि विहिरीचा तिसरा थर या दोन वस्तूंची जोडी लावून त्या आजींनी पाण्याची पातळी मोजण्याचे साधन घरच्या घरी तयार केले होते. बावखलाचे पाणी आणि विहिरीचे पाणी जमिनीखालून एकच आहे, ही गोष्ट कोणताही शास्त्रीय शब्द न वापरता या वाक्यात सिद्ध झाली आहे. निबंधाचे वचन येथे आहे. लिहिणारीने ते शीर्षकात अर्धे दिले आणि येथे पूर्ण केले. उरलेल्या निबंधाला जी पट्टी लावायची ती या वाक्यातून मिळते: विहीर आणि बावखल यांचे हे नाते पुढे कसे उलगडते?

आणि ते नाते ज्या परिच्छेदात तुटते, तो सर्वांत लहान आहे. चाळीस ओळींपैकी फक्त चार ओळी. त्या अशा: ‘आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी काकांनी भराव टाकून बावखल बुजवले. म्हणून आमच्या विहीरीचे पाणी खारट झाले. जमीनीत पाणी मुरत नाही. आता आई चहाला टाकीचे पाणी वापरते.’ येथे परिच्छेद संपतो आणि लगेच प्लास्टिकच्या पिशव्या सुरू होतात. लेखन नेमके जेथे अवघड होऊ लागले, तेथेच ते सगळ्या जगाच्या प्रदूषणाकडे वळले. काकांचे नाव काढल्यावर लिहिणारी संकोचली असेल किंवा निबंधात प्रदूषण यायलाच हवे असे तिला वाटले असेल. यांपैकी खरे काय ते आपल्याला ठाऊक नाही आणि परीक्षकाने ते ठरवूही नये. मात्र वळण कोठे घेतले गेले, ते तो दाखवू शकतो.

या चार ओळींत एक शब्द असा आहे की ज्यावर निबंधाचा प्रकार ठरतो. तो शब्द म्हणजे ‘म्हणून’. काकांनी बावखल बुजवले, ‘म्हणून’ पाणी खारट झाले. हा निबंध वैचारिक असेल तर या शब्दाची किंमत मोठी आहे. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून मुरणारे पाणी कमी झाले, तर खारे पाणी वर किंवा आत सरकते, हे खरे. परंतु आसपास कूपनलिका वाढल्या, पंपाने उपसा वाढला, तरी हेच होते. तेव्हा वाचक विचारणार की भरावानंतर किती दिवसांनी पाणी बदलले, शेजारच्या विहिरींचे काय झाले, त्याच काळात जवळ कोणी कूपनलिका खोदली होती का. या प्रश्नांना उत्तर नसेल तर ‘म्हणून’ हा शब्द पुराव्यापेक्षा अधिक बोलतो. हाच निबंध लघुनिबंध असेल, तर एवढ्या चौकशीची गरज नाही. तेथे ‘म्हणून’च्या जागी ‘त्यानंतर’ घातले की पुरे. बावखल बुजवले, त्यानंतर विहिरीचे पाणी खारट झाले. लिहिणारीने जे पाहिले तेवढेच ती सांगते आणि निष्कर्ष वाचकावर सोपवते. कदाचित असे केल्याने आरोपाची धार वाढेलही. एका शब्दाची ही निवड तिने करायची आहे. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत हे आपण सांगावे, परंतु वाट आपण निवडू नये.

लांबीचा प्रश्नही याच रीतीने सुटतो. किती शब्द हवे होते हे ठाऊक नसताना ‘निबंध लहान आहे’ किंवा ‘फार लांबला’ असे म्हणण्यात अर्थ नाही. पण निबंधाच्या आतली मापे एकमेकांशी ताडून पाहता येतात. ज्या घटनेसाठी निबंध लिहिला गेला तिला चार ओळी आणि ज्या गोष्टींचा त्या वाडीशी संबंध दाखवलेला नाही त्यांना दहा ओळी, ही विषमता शंभर शब्दांच्या निबंधातही दोष ठरेल आणि हजार शब्दांच्या निबंधातही. म्हणून लांबीविषयी बोलताना आकडा सांगू नये. वाचकाला कोठे आणखी हवे होते आणि कोठे कंटाळा आला, ती जागा सांगावी.

आता चुकांकडे येऊ. निबंधात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका आहेत. लाल शाईने अकराही दुरुस्त करण्याचा मोह होतो, कारण तेवढे काम निश्चित असते आणि केल्याचे समाधानही मिळते. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन अभ्यासिकेने १९८२ साली शिक्षकांच्या शेऱ्यांविषयी एक लेख लिहिला. तिने दाखवलेला विसंवाद आपल्याकडेही नित्याचा आहे. एकाच परिच्छेदात शिक्षक स्वल्पविराम आणि वेलांटी सुधारतात आणि त्याच परिच्छेदाच्या समासात ‘हा भाग पुन्हा विचार करून लिही’ असेही लिहितात. विद्यार्थ्याने काय करावे? जो मजकूर काढून टाकायचा आहे तो शुद्ध कशाला करायचा? बहुतेक मुले सोपे ते करतात. वेलांट्या बदलतात आणि परिच्छेद तसाच ठेवतात. या निबंधातील अकरापैकी पाच चुका पाचव्या परिच्छेदात आहेत. तो परिच्छेद बहुधा राहणारच नाही, तेव्हा त्या पाचांवर शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

उरलेल्या सहा चुका ओळीने लिहून काढल्या, तेव्हा त्यांतील चार एकाच जातीच्या निघाल्या. ‘विहीरीच्या’ आणि ‘विहीरीचे’ ही रूपे वर आलीच आहेत, ‘जमीनीत’ही आले आहे, आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘बहीणीने’ आहे. मूळ शब्द विहीर, जमीन, बहीण असे दीर्घच आहेत, म्हणजे शब्द तिला नीट येतात. प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते, हा एक नियम तेवढा तिला ठाऊक नाही: विहीर–विहिरीचे, जमीन–जमिनीत, बहीण–बहिणीने. चार ठिकाणी लाल खुणा केल्या असत्या तर तिला चार चुका दिसल्या असत्या. नियम एकदा सांगितला तर एक चूक दिसते आणि बाकीच्या ती स्वतः शोधू शकते.

इयत्तेविषयी मात्र काही गोष्टी सांगता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. ‘तुझ्या वयाच्या मानाने छान’ हे वाक्य येथे बोलता येत नाही, कारण वय ठाऊक नाही. ठाऊक असते तरी या वाक्याचा लिहिणाऱ्याला फारसा उपयोग नसतो. दहापैकी किती गुण, या प्रश्नालाही उत्तर नाही. वर सांगितलेल्या ५३ वाचकांपैकी प्रत्येकाला आपला गठ्ठा बरोबरच वाटत होता. विचारांकडे पाहणाऱ्याने या निबंधाला तिसऱ्या परिच्छेदासाठी वर उचलले असते, चुका मोजणाऱ्याने खाली ठेवले असते आणि रचना पाहणाऱ्याने पाचव्या परिच्छेदापाशी कपाळाला हात लावला असता. तिघांचेही निरीक्षण खरे. त्यांची बेरीज करून एक आकडा काढला तर तिन्ही निरीक्षणे त्या आकड्यात बुडून जातात.

शेवटच्या परिच्छेदातील घोषणेविषयी थोडे बोलले पाहिजे. निबंधाच्या अखेरीस बोधवाक्य असलेच पाहिजे, अशी आपल्या शाळांतून समजूत आहे आणि आम्हा धर्मगुरूंकडे येणाऱ्या लेखनात ती अधिकच दिसते. वाचणारा कोण हे पाहून मुले शेवट करतात. म्हणून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे शब्द पाहताच ते ठोकळेबाज म्हणून खोडावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जरा थांबून पाहिले तर निराळेच दिसते. बावखल पाणी अडवीत होते आणि जिरवीत होते. ही घोषणा भिंतींवर रंगवली जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते काम त्या वाडीत चालू होते. धुण्याचा दगड आणि विहिरीचा तिसरा थर ही त्याची साक्ष. लिहिणारीच्या हाती घोषणेचा पुरावा होता, पण तिने घोषणा एका टोकाला ठेवली, पुरावा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये दहा ओळींचे प्लास्टिक पसरले. घोषणा खोडण्याऐवजी या दोन टोकांची भेट घडवता येईल का, असे विचारणे अधिक उपयोगाचे.

या सर्व वाचनानंतर मी तिला जे लिहून दिले ते येथे उतरवतो. ते जाणूनबुजून लहान ठेवले आहे. दहा सूचना दिल्या तर कोणती आधी करावी हेच कळत नाही.

‘तुझा निबंध दोनदा वाचला. तो शाळेच्या कोणत्या कामासाठी आहे हे मला ठाऊक नाही, म्हणून घरातल्या एका आठवणीवरचा निबंध असे समजून मी तो वाचला. हे गृहीत चुकीचे असेल तर सांग, माझे काही मुद्दे बदलतील. तिसऱ्या परिच्छेदात धुण्याचा दगड उघडा पडला की विहिरीचा तिसरा थर दिसे असे तू लिहिले आहेस, तेथे मला प्रथमच बावखल डोळ्यांसमोर दिसले आणि ते विहिरीशी जोडलेले आहे हेही कळले. चौथ्या परिच्छेदात बावखल बुजवल्याचे वाचून मला पुढचे ऐकायचे होते, पण चार ओळींनंतर तू प्रदूषणाकडे वळलीस. पाचवा परिच्छेद हाताने झाकून निबंध वाचून पाहा आणि काही हरवते का ते तूच ठरव. माझे दोन प्रश्न आहेत. भरावानंतर विहिरीत आणि घरात कायकाय बदलले, ते कोणी प्रथम पाहिले? आणि काकांनी बावखल का बुजवले, हे या निबंधाला सांगायचे आहे की नाही? सांगायचे नसेल तरी चालेल, पण तो निर्णय तू घेतलेला असावा. शेवटी एक नियम: विहीर, पण विहिरीचे. याच जातीच्या आणखी चुका निबंधात आहेत, त्या शोध.’

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निबंध उद्याच्या परीक्षेसाठी असेल, तर वचन आणि कसोट्या यांपेक्षा त्या परीक्षेची गुणवाटणी मिळवणे अधिक शहाणपणाचे आहे आणि तसे स्पष्ट सांगावे. तेथे शंभर-दीडशे शब्दांचीच मर्यादा असेल, तर दुसरा, तिसरा आणि चौथा परिच्छेद ठेवून बाकीचे सोडले तरी निबंध उभा राहतो. वक्तृत्व किंवा वैचारिक निबंधाची स्पर्धा असेल, तर आठवण अपुरी पडेल. तेथे ‘म्हणून’ हा शब्द सिद्ध करावा लागेल आणि शेजारच्या चार विहिरींचे पाणी चाखून यावे लागेल. निबंधाने कोणतेच वचन दिलेले नसेल, सहाच्या सहा परिच्छेद कोणाच्याही वहीत खपतील असे असतील, तर ही पद्धत लंगडी पडते. अशा वेळी कागद बाजूला ठेवून, ‘या विषयातले तू स्वतः काय पाहिले आहेस?’ एवढेच विचारावे लागते.

अभिप्राय बिघडला हे ओळखण्याची एक खूणही आहे. दुसरा खर्डा परत आला की त्यात आपलीच वाक्ये दिसतात का ते पाहावे. आपण सुचवलेला शब्द, आपली उपमा, आपला शेवट त्यात उतरला असेल, तर निबंध सुधारला असे वाटेल, पण तो लिहिणाऱ्याच्या हातून निसटलेला असेल. म्हणूनच वरच्या पत्रात एकही तयार वाक्य दिलेले नाही. ‘त्यानंतर’ हा शब्दही तिला सुचवलेला नाही. तो मी या लेखाच्या वाचकांसाठी राखून ठेवला. तिने पहिला प्रश्न मनावर घेतला आणि पाण्यातला बदल प्रथम कोणाच्या ध्यानात आला ते आठवले, तर ‘म्हणून’ ठेवावे की बदलावे, हा पेच तिला वाटेत भेटणारच आहे.